सोन्याच्या भावाचा तो आलेख दिशाभूल करत नाही

संपादक महोदय,


आपल्या रविवारच्या पुरवणीत सोन्याच्या भावाचा पन्नास वर्षांचा आलेख छापून आला होता. त्याच्या उभ्या अक्षावर १००, १,०००, १०,००० आणि १,००,००० हे आकडे एकमेकांपासून सारख्याच अंतरावर होते. पुढच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रव्यवहारात त्यावर बरीच टीका आली. शंभर ते हजार हे अंतर नऊशे रुपयांचे आणि दहा हजार ते लाख हे नव्वद हजारांचे, मग दोन्हींना कागदावर सारखीच जागा कशी, असा एकाचा सवाल होता. दुसऱ्याने लिहिले होते की भाव आकाशाला भिडले असताना आलेखातली रेघ शांतपणे तिरकी वर जाते, म्हणजे महागाई लपवण्याचाच हा प्रकार आहे. आपण खुलासा म्हणून दोन ओळी छापल्या आणि यापुढे ‘साधा’ आलेख देऊ असे आश्वासन दिलेत. त्या आश्वासनाबद्दलच हे पत्र आहे. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. तो आलेख बरोबर होता आणि त्याच्या जागी साधा आलेख आला तर वाचकांचे नुकसान होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

आक्षेप घेणाऱ्यांची शंका मात्र रास्त आहे. आलेख पाहताना डोळा लांबी मोजतो. पट्टीवर एक सेंटिमीटर म्हणजे अमुक रुपये, हे नाते तळापासून टोकापर्यंत कायम असावे ही अपेक्षा शाळेपासून मनात बसलेली असते. लॉग मापाच्या आलेखात ते नाते बदलते. तिथे ठरावीक लांबी ठरावीक रुपयांची नसते, ठरावीक पटींची असते. शंभराचे हजार झाले म्हणजे दहापट आणि दहा हजारांचे लाख झाले म्हणजेही दहापट, म्हणून दोन्हींना सारखी जागा. दोनशेचे चारशे होणे आणि वीस हजारांचे चाळीस हजार होणे, या दोन्हींनाही तिथे सारखीच उंची मिळते. आक्षेप त्यामुळे एका प्रश्नाशी येऊन थांबतो: भाव वाढतो म्हणतो तेव्हा आपण रुपये मोजायचे की पट?

याचे उत्तर तत्त्वचर्चेपेक्षा प्रत्यक्ष आकड्यांत लवकर सापडते. चोवीस कॅरेट सोन्याचा दहा ग्रॅमचा भाव, म्हणजे आज सराफाच्या दुकानात ज्याला सर्रास तोळा म्हणतात त्याचा भाव, वर्षाच्या सरासरीने १९७० साली सुमारे १८४ रुपये होता. १९८० साली तो १,३३० झाला, १९९० साली ३,२००, २००० साली ४,४००, २०१० साली १८,५०० आणि २०२० साली ४८,६५०. (खरा जुना तोळा साडेअकरा ग्रॅमहून थोडा जड होता, पण तो हिशेब इथे बाजूला ठेवू.) हे सहा आकडे घेऊन कुणालाही घरच्या घरी दोन आलेख काढता येतील. मी ते काढले आहेत आणि या पत्रासोबत जोडले आहेत. दोन्हींची उंची बारा सेंटिमीटर आहे.

पहिला आलेख टीकाकारांना हवा तसा. तळाला शून्य, टोकाला साठ हजार, एक सेंटिमीटर म्हणजे पाच हजार रुपये. १९७० चा ठिपका तळापासून अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी उंचीवर येतो. पेन्सिलीच्या रेघेची जाडीच जवळपास तेवढी असते, त्यामुळे ठिपका अक्षावरच टेकलेला दिसतो. १९८० चा ठिपका पावणेतीन मिलिमीटरवर, १९९० चा साडेसहावर आणि २००० चा जेमतेम नऊ मिलिमीटरवर. तीस वर्षांचा इतिहास एका सेंटिमीटरच्या आत दबून गेला. मग २०१० ला रेघ ३.७ सेंटिमीटरवर उडी घेते आणि २०२० ला ९.७ सेंटिमीटरवर पोचते. हा आलेख पाहून कुणीही सांगेल की विसाव्या शतकात सोने झोपले होते आणि खरी महागाई आली ती २०१० नंतर.

आता त्या झोपलेल्या दशकांकडे जरा नीट पाहू. १९७० साली ज्याने १८४ रुपयांना दहा ग्रॅम सोने घेतले, त्याला दहा वर्षांनी तेवढ्याच सोन्यासाठी १,३३० रुपये मोजावे लागले. भाव सातपटींहून अधिक झाला. वर्षाला सरासरी बावीस टक्क्यांची वाढ, सलग दहा वर्षे. २०१० ते २०२० या काळात, जिथे साध्या आलेखात रेघ भिंतीसारखी उभी दिसते, भाव झाला २.६ पट. वर्षाला सरासरी दहा टक्के. पन्नास वर्षांतला सर्वांत तीव्र चढ सत्तरच्या दशकातला होता आणि साध्या आलेखात नेमका तोच सपाट दिसतो.

सत्तरच्या दशकातल्या त्या चढाला कारणेही मोठी होती. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले. तोवर परदेशी सरकारांना आणि मध्यवर्ती बँकांना औंसाला पस्तीस डॉलर या दराने सोने मिळत असे. पुढे १९७३ साली तेलाचे भाव भडकले, जगभर चलनवाढ झाली आणि जानेवारी १९८० मध्ये लंडनच्या बाजारात सोने औंसाला ८५० डॉलरवर गेले. आपल्याकडे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा लागू होता, तरी सराफ बाजारातल्या भावाला त्या लाटेपासून सुटका नव्हती. ज्या घरांनी त्या दशकात मुलींची लग्ने केली, त्यांना हा चढ चांगलाच आठवत असेल. जो आलेख ही घडामोड पावणेतीन मिलिमीटरांत गाडून टाकतो, त्याला ‘सरळ आणि प्रामाणिक’ म्हणणे मला मान्य नाही.

दुसरा आलेख लॉग मापाचा. तो काढणे वाटते तितके अवघड नाही. अकरावी-बारावीत वापरलेले लॉग टेबल काढावे किंवा मोबाइलमधल्या गणकयंत्रावर log हे बटण दाबावे. १८४ चा लॉग येतो २.२६, १,३३० चा ३.१२, ३,२०० चा ३.५१, ४,४०० चा ३.६४, १८,५०० चा ४.२७ आणि ४८,६५० चा ४.६९. हे आकडे नेहमीच्या पट्टीने मांडायचे. १०० चा लॉग २ आणि लाखाचा ५, म्हणजे बारा सेंटिमीटरात तीन पायऱ्या, प्रत्येक पायरी चार सेंटिमीटरची. यात कुठेही हातचलाखी नाही. भावाऐवजी भावाचा लॉग मांडला, एवढेच. लॉगचा गुणधर्म असा की मूळ आकड्यांचा गुणाकार त्याच्यात बेरीज होऊन येतो. भाव दुप्पट झाला की लॉगमध्ये ०.३० ची भर पडते, मग ते दोनाचे चार असोत की वीस हजारांचे चाळीस हजार. म्हणून आपल्या कागदावर प्रत्येक दुपटीला १.२ सेंटिमीटर उंची मिळते.

हार्मोनियम वाजवणाऱ्याला हे चटकन पटेल. मंद्र सप्तकातल्या सा पासून मध्य सा पर्यंत कंपनसंख्या दुप्पट होते आणि मध्य सा पासून तार सा पर्यंत पुन्हा दुप्पट. कंपनांचा फरक पाहिला तर दुसरे अंतर पहिल्याच्या दुप्पट भरते, पण पेटीवर दोन्ही सप्तकांना जागा सारखीच असते, कारण कानाला दोन्ही अंतरे सारखीच लागतात.

आता या दुसऱ्या आलेखावर काय दिसते ते पाहा. १९७० ते १९८० या दशकात रेघ ३.४ सेंटिमीटर चढते. पुढच्या दशकात दीड सेंटिमीटर. नव्वदच्या दशकात जेमतेम अर्धा सेंटिमीटर, म्हणजे तिथे रेघ खरोखरच आडवी पडते. २००० ते २०१० मध्ये ती अडीच सेंटिमीटर उसळते आणि त्यानंतरच्या दशकात १.७ सेंटिमीटर. पाच दशकांचे पाच वेगळे स्वभाव एका नजरेत दिसतात. ‘शांतपणे तिरकी वर जाणारी रेघ’ असे ज्या वाचकाने लिहिले, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी ती रेघ पुन्हा एकदा पाहावी. ती शांत नाही. ती कुठे वळते आणि कुठे मंदावते, हेच त्या आलेखातले खरे वाचन आहे. लॉग आलेखात उंचीपेक्षा चढ महत्त्वाचा असतो. चढ जितका उभा, तितका वर्षाचा वाढीचा टक्का मोठा. चढ सरळ असेल तर टक्का कायम आहे. रेघ आडव्या बाजूला झुकू लागली तर भाव वाढत असला तरी वाढीचा वेग मंदावला आहे.

याचा पडताळा वाचक स्वतः घेऊ शकतो. कागदाची एक बारीक पट्टी घ्यावी, आलेखाच्या उभ्या अक्षावर १,००० ते २,००० हे अंतर तिच्यावर खूण करून घ्यावे. ही झाली दुपटीची पट्टी. ती आलेखावर कुठेही उभी धरली की भाव दुप्पट व्हायला किती वर्षे लागली ते मोजता येते. सत्तरच्या दशकात ती तीन वेळा पुरत नाही पण अडीच वेळांहून जास्त भरते, म्हणजे साधारण दर साडेतीन वर्षांनी दुप्पट. १९९० ते २००० मध्ये तिची निम्मी लांबीही भरत नाही. साध्या आलेखावर अशी एकच पट्टी सगळीकडे चालवून पाहा, जमणार नाही, कारण तिथे दुपटीची उंची प्रत्येक जागी वेगळी असते.

साध्या आलेखाची आणखी एक खोड आहे आणि मला ती सर्वांत गंभीर वाटते. जी गोष्ट टक्क्यांनी वाढते, तिचा साधा आलेख कुठेही थांबवला तरी शेवटीच भडका उडालेला दिसतो. आपण हाच आलेख १९८० साली काढला असता तर १,३३० रुपये टोकाला आले असते, १९७० चे १८४ तळाशी आणि सत्तरचे दशक आभाळाला भिडलेले दिसले असते. २०२० साली काढला तर तेच दशक जमीनदोस्त होते. सोन्याने १९७० साली जे केले ते २०२० साली बदलले नाही. बदलली ती फक्त पट्टी. २०२५ मध्ये दहा ग्रॅमच्या भावाने लाखाचा आकडा गाठला. त्या वर्षापर्यंत आलेख वाढवायचा तर पट्टी पुन्हा दुपटीने दाबावी लागेल आणि आज भिंतीसारखे उभे दिसणारे २०१० चे दशकही उतार झाल्यासारखे दिसू लागेल. प्रत्येक पिढीला वाटत राहते की महागाई आत्ताच, आपल्याच काळात सुरू झाली. लॉग आलेखात पुढची वर्षे जोडली तरी मागच्या वर्षांच्या चढाचा अर्थ बदलत नाही. त्याच मापावर दोन सेंटिमीटर वर किंवा उजवीकडे कागद वाढवायचा, एवढेच.

टीकाकारांच्या मनातला मुख्य संशय असा की लॉग माप महागाईला सौम्य करून दाखवते. तर मग जगातली सर्वांत भयानक म्हणून ओळखली जाणारी एक महागाई त्या मापावर कशी दिसते ते पाहू. पहिल्या महायुद्धाआधी एका अमेरिकी डॉलरला ४.२ जर्मन मार्क पडत. जानेवारी १९२२ मध्ये सुमारे १९० मार्क, जानेवारी १९२३ मध्ये सुमारे अठरा हजार, ऑक्टोबर १९२३ च्या सरासरीने अडीच हजार कोटी आणि नोव्हेंबर १९२३ च्या मध्याला ४.२ लाख कोटी. याचा साधा आलेख एक मीटर उंचीचा काढला तर ऑक्टोबर १९२३ चा ठिपका सहा मिलिमीटरवर येतो आणि त्याआधीचे सगळे शून्याशी एकरूप होते. म्हणजे १९२२ साली आणि १९२३ च्या उन्हाळ्यात जर्मन माणसाचे पगार, पेन्शन, आयुष्यभराची बचत धुऊन निघत होती, त्याचा त्या मीटरभर कागदावर मागमूसही नाही.

लॉग आलेखावर मात्र ती कहाणी टप्प्याटप्प्याने दिसते. १९२० च्या सुरुवातीपासून वर्षभर रेघ थबकलेली, मधे थोडी खालीही आलेली. १९२१ च्या उत्तरार्धात पुन्हा चढ. जून १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊ यांची हत्या झाली, त्यानंतर चढ आणखी उभा. जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या सैन्याने रूर खोरे ताब्यात घेतले, सरकारने संपकऱ्यांना छापील नोटांनी पोसले आणि उन्हाळ्यापासून रेघ लॉगच्या मापावरही वर वळत गेली. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. लॉग आलेखावर सरळ रेघ म्हणजे कायम टक्क्याची वाढ. तिथेही रेघ वरच्या बाजूला वाकू लागली तर त्याचा अर्थ टक्काच दर महिन्याला वाढतो आहे, भाव हाताबाहेर गेले आहेत. साध्या आलेखावर दर वर्षाच्या दहा टक्क्यांची रेघही वर वाकलेली दिसते आणि १९२३ च्या जर्मनीचीही. मामुली वाढ कुठली आणि संकट कुठले, हे तो आलेख सांगूच शकत नाही.

ही पद्धत काही संगणकाच्या काळातली टूम नव्हे आणि तिचे मूळ सोन्याच्याच भावात आहे. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात १८५० च्या आसपास सोन्याच्या खाणी सापडल्या आणि इंग्लंडमध्ये सोन्याचे मोल घसरते आहे का, असा प्रश्न उभा राहिला. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाचा तरुण तेव्हा सिडनीच्या टांकसाळीत सोन्याची कस-परीक्षा करण्याचे काम करून इंग्लंडला परतला होता. १८६३ साली त्याने या प्रश्नावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. अनेक मालांचे भाव त्याने लॉगच्या मापावर मांडले, कारण एका मालाचा भाव पेन्समध्ये आणि दुसऱ्याचा पौंडांत असला तरी कुठला किती टक्के वाढला याचीच तुलना त्याला करायची होती. पुढे १९१७ मध्ये अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी अशा आलेखाचा सर्वसामान्य वापर व्हावा म्हणून स्वतंत्र निबंध लिहिला. ते त्याला गुणोत्तराचा आलेख म्हणत.

जेव्हन्सला जी तुलना हवी होती ती आपल्या वाचकांनाही हवी असते. सोने महागले, पण बाकीच्या महागाईच्या मानाने किती? नव्वदच्या दशकाचे उदाहरण घेऊ. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक १९९०-९१ मध्ये १९३ होता, २०००-०१ मध्ये ४४४. म्हणजे सर्वसाधारण भाव २.३ पट झाले. त्याच काळात सोने १.४ पटही झाले नाही. निर्देशांक शेकड्यांत आणि सोने हजारांत. साध्या आलेखात या दोन रेघा एकत्र दाखवायच्या तर डाव्या बाजूला एक पट्टी आणि उजव्या बाजूला दुसरी लावावी लागते आणि त्या पट्ट्या हव्या तशा ताणून कुठलीही रेघ वर नेता येते. लॉग आलेखात दोन्ही एकाच मापावर बसतात. त्या दशकात निर्देशांक जवळपास दीड सेंटिमीटर चढतो, सोने अर्धा सेंटिमीटर. सोने घेऊन ठेवलेल्याची खरेदीची ताकद त्या दहा वर्षांत घटली, हे सांगायला शब्दही लागत नाही.

लॉग आलेख कुठे लावू नये, हेही मी तितक्याच ठामपणे सांगेन. पहिली गोष्ट, स्तंभालेख लॉग मापावर कधीही काढू नये. स्तंभ शून्यापासून उभा राहतो आणि डोळा त्याच्या पूर्ण उंचीची तुलना करतो. लॉग मापावर शून्य कुठेच नसते, ते अनंत खाली असते. मग स्तंभाचा तळ कुठे धरायचा हे काढणाऱ्याच्या मर्जीवर राहते. तळ शंभरावर धरला तर एक चित्र, दहावर धरला तर दुसरे. अशा चित्राला दिशाभूल म्हटले तर ते योग्यच ठरेल. रेघेच्या आलेखात हा दोष येत नाही, कारण तिथे आपण उंची नव्हे तर चढ वाचतो.

दुसरे म्हणजे थोड्या मुदतीचे आलेख. यंदाच्या सहा महिन्यांत भाव कसा हलला हे दाखवायचे असेल तर साधाच आलेख द्यावा. भाव दहा-पंधरा टक्क्यांच्या आत फिरत असला तर दोन्ही आलेखांचा आकार जवळपास सारखाच दिसतो आणि मग ओळखीची पट्टी सोडण्यात काही हशील नाही. शिवाय लांब मुदतीच्या लॉग आलेखात शेवटचे बारकावे दिसत नाहीत. चाळीस हजारांवरून अठ्ठेचाळीस हजारांपर्यंतची वाढ आपल्या बारा सेंटिमीटरच्या कागदावर सव्वातीन मिलिमीटर भरते. येत्या तुळशीच्या लग्नानंतर ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांच्यासाठी हे आठ हजार रुपये फार मोठे असतात. त्यांना ‘मागच्या वर्षीपेक्षा किती रुपये जास्त’ हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर रुपयांतच द्यायला हवे. पन्नास वर्षांचा आलेख तो प्रश्न विचारतच नाही.

तिसरी अडचण वाचनाची आहे आणि तिच्याकडे मी डोळेझाक करणार नाही. २०२० साली कोविडच्या मृत्यूंचे आलेख घेऊन अमेरिकेतल्या लोकांवर एक अभ्यास झाला. साधा आलेख पाहिलेल्यांपैकी बहुतेकांनी त्यावरच्या प्रश्नाचे उत्तर बरोबर दिले. लॉग आलेख पाहिलेल्यांत बरोबर उत्तर देणारे निम्म्याहूनही कमी निघाले. लोकांना लॉग आलेख वाचण्याची सवय नसते, हे खरे आहे. पण यावरून तो आलेख खोटा ठरत नाही. तो कसा वाचायचा हे शेजारी छापले पाहिजे, एवढेच ठरते. आपल्या पुरवणीत ती ओळ नव्हती. अक्षावर फक्त चार आकडे होते आणि मधल्या रेघा वर जाताना दाटत गेलेल्या होत्या. त्या रेघा २००, ३००, ४०० अशा आहेत हे कुठेही लिहिलेले नव्हते. ज्याने असा कागद पूर्वी पाहिलेला नाही, त्याला ती छपाईची चूक वाटली तर दोष त्याचा नाही.

म्हणून आपण दिलेल्या आश्वासनाचा फेरविचार करावा, अशी माझी विनंती आहे. पंधरा-वीस वर्षांहून लांब मुदतीचे भाव, मग ते सोन्याचे असोत, घरांचे असोत, की शेअर निर्देशांकाचे, लॉग मापावरच छापावेत. अक्षावर १००, २००, ५००, १,०००, २,०००, ५,००० असे आकडे घालावेत, म्हणजे दुपटीची लांबी वाचकाच्या नजरेत आपोआप बसेल. आलेखाच्या खाली ठळक अक्षरांत एवढे लिहावे: ‘या आलेखात सारखी उंची म्हणजे सारखी पट. रेघ जितकी उभी, तितकी वर्षाची टक्केवारी जास्त.’ आणि पहिल्या काही वेळा तरी शेजारी त्याच आकड्यांचा साधा आलेख लहान आकारात द्यावा. सोबत जोडलेले माझे दोन्ही आलेख त्यासाठी वापरायला माझी हरकत नाही. ज्या वाचकांनी आक्षेप घेतला, त्यांची पत्रे आणि हे दोन आलेख एकाच पानावर छापलेत तर फारच चांगले होईल.

आपली विश्वासू,
संख्याशास्त्राची एक प्राध्यापिका